अडलंय तिथं बोट ठेव आणि मग फोटो काढ

वाचकाचं पत्र

मी ठाण्यात बँकेत नोकरी करते. माझी भाची यंदा दहावीला आहे. गावी असते, सेमी इंग्रजीत शिकते, शिकवणी लावलेली नाही. रात्री नऊनंतर तिच्या आईच्या फोनवरून मला पुस्तकातल्या गणिताचा फोटो येतो, सोबत एक शब्दही नसतो. आधी मी गणित सोडवून कागदाचा फोटो पाठवायचे. घटक चाचणीत तिला 20 पैकी 6 गुण पडले, तेव्हा वाटलं की आपणच तिचं नुकसान करतोय. मग समजावून सांगायला लागले, सात-सात मिनिटांचे व्हॉइस मेसेज. ते ती पूर्ण ऐकत नाही असं बहिणीकडून कळलं. एकदा तर सगळं सांगून झाल्यावर तिनं लिहिलं, "मावशी, माझं आलं होतं, फक्त बरोबर आहे का बघायचं होतं." आता मी "नक्की काय हवंय?" असं विचारते, तर "काही नाही, राहू दे" असं उत्तर येतं. मी सोडवून देऊ, समजावू की तपासू?

उत्तर

ताई,

आज रात्रीचा फोटो येण्याआधी तिचे जुने दहा-बारा फोटो उघडून बसा. त्यातली गणितं आत्ता बाजूला ठेवा, फोटोंच्या कडा बघा.

एखाद्या फोटोत पुस्तकाचं अख्खं पान असेल. सरळ धरलेलं, सरावसंचाचे पाच-सहा प्रश्न, आणि कुठल्याच प्रश्नाला पेन्सिलचा स्पर्श नाही. अशा वेळी बहुतेक तिनं सुरुवातच केलेली नसते, किंवा उद्या वही दाखवायची असते. दुसऱ्या एखाद्या फोटोत एकच प्रश्न असेल, घाईत काढल्यासारखा जरा तिरका, आणि कोपऱ्यात वहीची कड आलेली. त्या कडेवर अर्धी ओळ दिसेल, खोडरबरानं पुसलेला डाग दिसेल. तिथं काम चालू होतं आणि मध्येच थांबलं. तिसऱ्या तऱ्हेच्या फोटोत प्रश्नासमोर बारीक अक्षरात उत्तर लिहिलेलं असेल, नाहीतर पाठोपाठ पुस्तकाच्या शेवटी असलेल्या उत्तरसूचीचा फोटो असेल. म्हणजे तिचं उत्तर आलेलं आहे आणि ते जुळत नाहीये, किंवा जुळतंय पण तिला भरवसा नाही. "माझं आलं होतं" असं ती ज्या दिवशी म्हणाली, त्या दिवसाचा फोटो मुद्दाम शोधा. त्यात काहीतरी खूण असण्याची शक्यता बरीच आहे.

हा अंदाज काही वेळा चुकेल, त्यामुळे नुसत्या अंदाजावर पूर्ण उत्तर द्यायचं नाही. पण फोटो मुका असतो हा समज आधी मनातून काढायला हवा.

दुसरा समज तुमच्या प्रश्नातच आहे. तिला काय हवंय ते तिला ठाऊक आहे, फक्त ती सांगत नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. मी 26 वर्षं शाळेत गणित शिकवलं. माझा अनुभव असा की अडलेल्या मुलाला आपण नेमके कुठं अडलोय हे सांगता येत नाही, आणि सांगता आलं तर ते निम्मं सुटलेलं असतं. "नक्की काय हवंय?" हा प्रश्न मोठ्या माणसाला सोपा वाटतो. पंधरा वर्षांच्या मुलीला त्यात "तुला एवढंही सांगता येत नाही का?" असं ऐकू येतं. मग "राहू दे" असं लिहून ती फोन आईला परत देते.

ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन यांनी 1977 मध्ये शाब्दिक उदाहरणं चुकणाऱ्या मुलांसाठी एक साधी रीत मांडली. मुलाला पाच गोष्टी क्रमानं करायला सांगायच्या. प्रश्न वाचून दाखव. काय काढायला सांगितलंय ते सांग. कसं काढशील ते सांग. आता काढून दाखव. शेवटी उत्तर लिही. मूल ज्या पायरीवर थांबतं किंवा घसरतं, तिथं त्याची अडचण. ही रीत वर्गात वापरताना मला पुन्हा पुन्हा दिसलं की घसरण बहुतेकदा तिसऱ्या पायरीवर झालेली असते, शब्दांचं समीकरण करताना. मुलाला मात्र ती चौथ्या पायरीवर जाणवते, कारण आकडे तिथं जुळेनासे होतात.

हे जवळून दाखवते. उदाहरण मी इथंच तयार केलं आहे, वर्गसमीकरणांच्या प्रकरणात असतं तसं.

*एका आयताकृती भूखंडाची लांबी त्याच्या रुंदीच्या दुपटीपेक्षा 5 मीटरने जास्त आहे. भूखंडाचे क्षेत्रफळ 250 चौरस मीटर असल्यास त्याची लांबी व रुंदी काढा.*

रुंदी x धरली की लांबी 2x + 5 होते, आणि समीकरण असं येतं:

```
x(2x + 5) = 250
2x² + 5x − 250 = 0
2x² + 25x − 20x − 250 = 0
(2x + 25)(x − 10) = 0
x = 10  किंवा  x = −12.5
```

रुंदी ऋण नसते, म्हणून रुंदी 10 मीटर आणि लांबी 25 मीटर.

आता समजा या गणिताचा फोटो तीन मुलींनी पाठवला, तिघींनीही काही न लिहिता. पहिलीनं काहीच केलेलं नाही. तिसरीचं वरच्यासारखं सगळं झालंय, फक्त −12.5 चं काय करायचं ते तिला कळत नाहीये. मला बोलायचंय ते मधलीबद्दल. तिनं "दुपटीपेक्षा 5 ने जास्त" हे 2(x + 5) असं लिहिलं. सेमीच्या मुलांच्या पुस्तकात हेच वाक्य इंग्रजीत असतं आणि त्यात फाईव्ह आधी येतो, ट्वाइस नंतर. आधी 5 मिळवायचे आणि मग दुप्पट करायची, असं वाटायला तिथं भरपूर वाव आहे. तिचं समीकरण x(2x + 10) = 250 झालं. दोननं भागल्यावर:

```
x² + 5x − 125 = 0
```

आता तिला असे दोन आकडे हवेत की ज्यांचा गुणाकार −125 आणि बेरीज 5. 125 चे अवयव पाडले तर 1 आणि 125, नाहीतर 5 आणि 25. कशातही 5 चा फरक नाही. ती दहा मिनिटं झगडते, खोडते, पुन्हा मांडते, आणि "मला अवयव पाडता येत नाहीत" असं स्वतःशी ठरवून पुस्तकाचा फोटो काढून पाठवते.

तुम्ही तिला पूर्ण गणित सोडवून पाठवलंत, तर तिची नजर थेट 25 आणि −20 वर जाईल, कारण ती अडली होती अवयवांपाशी. मावशीला अवयव सापडले, मला सापडत नाहीत, एवढंच ती त्यातून घेईल. दुसऱ्या ओळीत तुमचं आणि तिचं समीकरणच वेगळं आहे हे तिच्या लक्षातही येणार नाही. तुम्ही अवयव कसे पाडायचे ते सात मिनिटं समजावलंत, तर जे तिला येतंच ते तुम्ही शिकवलंत. फोटो पुस्तकाचा, आणि चूक वहीत, जी तुम्ही पाहिलेलीच नाही. चाचणीतले 6 गुण कुठून आले हे मला इथून सांगता यायचं नाही, पण तुमच्या मेहनतीला यश का येत नाही याचं मोठं कारण मला इथं दिसतं.

म्हणून सोडवू, समजावू की तपासू हे फोटो आल्याबरोबर ठरवूच नका. पहिला निरोप असा पाठवा की तो तिन्ही मुलींना चालेल आणि त्याच्या उत्तरावरून त्या तिघी वेगळ्या ओळखू येतील. या गणितासाठी तो निरोप एवढाच:

"रुंदी x धर. लांबी काय लिहिलीस?"

जिनं सुरुवात केली नव्हती तिला यातून सुरुवात मिळाली. जी चुकली ती 2(x + 5) असं लिहून पाठवेल आणि चूक हातात येईल. जिचं झालंय ती वहीचाच फोटो पाठवेल. तुम्ही तिच्या मनात काय आहे ते विचारलं नाही, गणितातली एक गोष्ट विचारलीत, आणि त्याचं उत्तर देणं तिला जमण्यासारखं आहे. रिकाम्या हातानंही तिला परत पाठवलं नाही, कारण अर्धी पायरी तुम्ही टाकून दिलीत.

दहावीच्या बहुतेक प्रकरणांत अशी एक ओळ सापडते. दोन चलांतील रेषीय समीकरणांत "x म्हणजे कोण आणि y म्हणजे कोण, ते शब्दांत लिही." अंकगणिती श्रेढीत "a किती, d किती?" संभाव्यतेत "नमुना अवकाश लिहून पाठव." त्रिकोणमितीच्या उंची आणि अंतराच्या गणितात "आकृती काढ आणि काटकोन कुठं आहे तो दाखव." समरूपतेत "कोणते दोन त्रिकोण घेतेस?" बँकेतून थकून आल्यावरही हे टाइप करायला अर्धं मिनिट लागेल.

पुढचं तिच्या उत्तरावर ठरतं.

तिनं लांबी 2(x + 5) लिहून पाठवली, तर तुम्हाला समजावून सांगायचं आहे, पण व्हॉइस मेसेजची गरज नाही. "चूक आहे" असंही लिहू नका. विचारा, "रुंदी 3 मीटर असती तर लांबी किती?" आकडा दिल्यावर मुलं सहसा बरोबर सांगतात: दुप्पट 6, त्याहून 5 जास्त, म्हणजे 11. मग म्हणा, "आता तू लिहिलेल्यात x च्या जागी 3 घालून बघ." तिथं 16 येतात. 11 आणि 16 समोरासमोर आले की पुढचं तिचं ती दुरुस्त करते, आणि पुन्हा असं वाक्य आलं की 3 घालून बघायची युक्ती तिच्याजवळ राहते. मोठ्या व्हॉइस मेसेजचा खरा दोष हा की त्यात नेमकं हवं तिथं मागं जाणं सोपं नसतं. चौथ्या मिनिटाला सांगितलेलं पुन्हा ऐकायचं तर कुठं होतं ते शोधत बसावं लागतं, तेही आईच्या फोनवर, घरातले सगळे ऐकत असताना. लिहिलेल्या तीन ओळी तिच्या वहीशेजारी राहतात.

उत्तर "माहीत नाही" असं आलं, किंवा आलंच नाही, तर सोडवून द्या. हो, खुशाल सोडवून द्या. ते देण्यानं मूल बिघडतं ही तुमची भीती मला निम्मीच खरी वाटते. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर या संशोधकांचा 1985 चा अभ्यास बीजगणितावरच होता. सोडवलेली उदाहरणं नीट वाचायला मिळालेल्या मुलांनी त्याच धाटणीची पुढची उदाहरणं कमी वेळात आणि कमी चुकांनिशी सोडवली. ज्या मुलाला अजून रस्ताच माहीत नाही, त्याला नुसतं झगडायला लावण्यानं फार काही हाती लागत नाही. मूल तयार झालं की हा फायदा ओसरतो आणि तेव्हा स्वतः सोडवणंच उपयोगाचं ठरतं, हेही नंतरच्या अभ्यासांतून दिसलं.

तुमच्या बाबतीत गडबड सोडवून देण्यात नव्हती. तुम्ही तेच गणित सोडवून दिलंत, आणि ते वहीत उतरवलं की तिचं काम संपत होतं. यावर उपाय म्हणजे त्याचं जुळं भावंड सोडवून द्या. धाटणी तीच, आकडे वेगळे. जुळं उदाहरण करायचं तर उत्तरापासून मागं या. रुंदी 4 घ्या. लांबी रुंदीच्या तिपटीपेक्षा 2 ने जास्त ठरवा, म्हणजे 14. क्षेत्रफळ आपोआप 56 आलं. आता हे नीट मांडून पाठवा:

```
रुंदी = x,  लांबी = 3x + 2
x(3x + 2) = 56
3x² + 2x − 56 = 0
3x² + 14x − 12x − 56 = 0
(3x + 14)(x − 4) = 0
x = 4    (रुंदी ऋण नसते)
लांबी = 3 × 4 + 2 = 14
```

खाली एकच ओळ: "आता तुझं याच वाटेनं कर आणि वहीचा फोटो पाठव." उतरवून काढण्यासारखं यात काही नाही, पण वाट पूर्ण दिसते आहे. दोन-तीन दिवसांनी असंच गणित आलं तर जुळ्या उदाहरणातल्या एक-दोन ओळी गाळून तिथं चौकट काढा. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत "कृती पूर्ण करा" असे प्रश्न असतात, त्यामुळे ते तिला परकं वाटणार नाही. पुढच्या वेळी आणखी एक चौकट वाढवा. शेवटी फक्त प्रश्न उरतो.

आता तपासणं. हे सर्वांत सोपं वाटतं आणि माझ्या मते इथंच सर्वांत जास्त चुकतं, कारण आपण उत्तर बघतो आणि "बरोबर" असं लिहून मोकळे होतो. वहीचा फोटो वरून खाली वाचा आणि पहिली चुकलेली ओळ सापडली की तिथंच थांबा. तिच्यापुढच्या ओळी चुकणारच, त्यांना हात लावू नका. त्या एका ओळीभोवती गोल करून फोटो परत पाठवा आणि लिहा, "इथपर्यंत सगळं बरोबर. ही ओळ पुन्हा बघ." फोनवरच बोटानं गोल काढता येतो. दुरुस्ती तिला करू द्या.

एक गोष्ट मात्र बारकाईनं बघा. समीकरण चुकलेलं आणि खाली उत्तर अगदी सूचीतलं, असं पान कधीतरी तुमच्यासमोर येईल. x² + 5x − 125 = 0 आणि लगेच पुढच्या ओळीत x = 10. माझ्या वर्गातही अशा वह्या यायच्या. 10 घालून बघा: 100 अधिक 50 वजा 125, म्हणजे 25 येतात, शून्य नाही. उत्तर सूचीतून उचललेलं आहे. इथं रागावू नका. तिनं खोटेपणा केला असं मी म्हणणार नाही. तिला उत्तर माहीत होतं आणि रस्ता सापडत नव्हता. "तुझ्या समीकरणात 10 घालून शून्य येतं का बघ," एवढं पुरे. असा ताळा तिला एकदा समजला की "मावशी, बरोबर आहे का?" हे विचारायची वेळच कमी येईल, कारण रुंदी 10, लांबी 25, गुणाकार 250, आणि 10 ची दुप्पट अधिक 5 म्हणजे 25, हे ती स्वतः पडताळू शकते. सगळं बरोबर असेल तेव्हाही नुसता अंगठा दाखवू नका. "−12.5 का सोडलंस ते एका वाक्यात लिही, आणि शेवटी मीटर लिही," असं सांगा. बोर्डाच्या पेपरात गुण पायऱ्यांना मिळतात, आणि हे वाक्य गाळणाऱ्या कितीतरी चांगल्या मुलांच्या वह्या मी तपासल्या आहेत.

भूमितीच्या सिद्धतेला मात्र जुळं भावंड सहजी करता येत नाही. तिथं सिद्धता लिहून देऊ नका, आकृतीवर काम करा. तिचाच फोटो घ्या, जे कोन एकरूप आहेत त्यांवर सारख्या खुणा करा आणि परत पाठवा. समरूपतेच्या गणितात कोणते दोन त्रिकोण हे दिसलं की कोको कसोटी लावणं तिला जमेल. ती अडलेली असते बघण्यात.

काही वेळा हे सगळं गुंडाळून सरळ उत्तर द्यावं. उद्या पेपर आहे आणि रात्रीचे साडेदहा वाजलेत, तेव्हा तेच गणित पूर्ण सोडवून पाठवा आणि तिला झोपू द्या. पेपर झाल्यावर रविवारी ते कोऱ्या कागदावर करून बघायला सांगा. उलट, शाळेच्या वेळेत अचानक फोटो आला, तर "चाचणी चालू आहे का?" हे आधी विचारा आणि उत्तर येईपर्यंत काही पाठवू नका. आणि अख्ख्या पानाचा फोटो आला, सहा प्रश्नांचा, तर "यातलं सगळ्यात नकोसं वाटणारं एक निवड" असं लिहा. तिनं निवडलेला प्रश्न बरंच काही सांगून जातो.

आणखी एक शंका तुमच्या पत्रातूनच आली. फोन बहिणीचा आहे. फोटो नेहमी भाचीच पाठवते ना? काही घरांत आईच मुलीचं गणित घेऊन बसते, तिला स्वतःला एक पायरी आठवत नाही आणि धाकट्या बहिणीला विचारायला संकोच वाटतो, म्हणून ती काही न लिहिता फोटो टाकते. तसं असेल तर निरोप वेगळा हवा. तिथं पूर्ण सोडवलेलं गणितच द्या, कारण त्यापुढचं समजावणं ती करणार आहे. बहिणीला एकदा मोकळेपणानं विचारा.

आता तुम्ही दोघींनी ठरवायची एक गोष्ट. भाचीकडून शब्द मागू नका. फोनवर मराठीत टाइप करणं तिला कटकटीचं वाटत असेल, इंग्रजीत लिहायची लाज वाटत असेल, आणि "मला येत नाही" हे लिहायला तर कुणालाच आवडत नाही. खूण मागा. काहीच सुचत नसेल तर नुसत्या पुस्तकाचा फोटो चालेल. मध्येच अडली असेल तर पुस्तक आणि वही शेजारी ठेवून, वहीत अडलंय त्या ओळीवर बोट ठेवून फोटो काढायचा. झालेलं तपासून हवं असेल तर वहीत उत्तराखाली पेन्सिलनं दोन रेघा मारायच्या. तीन खुणा, टाइप काहीच करायचं नाही.

पहिल्या आठवड्यात ती विसरेल आणि जुन्यासारखाच फोटो येईल. आठवण करून देत बसू नका, "लांबी काय लिहिलीस?" सारखा एक प्रश्न पाठवा आणि तिच्या उत्तराच्या फोटोत वही येते का ते बघा. बोट भलत्याच ओळीवर असलं तरी चालेल. मघाच्या मधल्या मुलीनं बोट अवयवांच्या ओळीवर ठेवलं असतं, पण तिच्या वर दोन ओळी सोडून 2(x + 5) तुम्हाला त्याच फोटोत दिसलं असतं.